पडद्यावर ९३ दिसतंय, तरी एस्प्रेसोचा पहिला शॉट आंबट का?

मंजिरी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ई६१ ग्रुपचं, दोन बॉयलरवालं मशीन आहे. सकाळी चालू केलं की सात-आठ मिनिटांत पडद्यावर ९३ हा आकडा येतो आणि तिथेच स्थिर राहतो. त्यानंतर दोनेक मिनिटं थांबून मी पहिला शॉट काढते. १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम, वेळ २८ सेकंदांच्या आसपास. बिया मध्यम भाजलेल्या, किंचित फिक्या बाजूच्या.

हा पहिला शॉट आंबट येतो. फळांचा असतो तो छान आंबटपणा नाही, नुसता टोचणारा, आणि मागे काहीच नाही. क्रेमाही फिकट, बघता बघता विरतो. घरात चौघं पिणारे असल्यामुळे लगेच पुढचे कप काढते. दुसरा बरा असतो, तिसरा चांगला, चौथ्याला गोडवा येतो. दळण तेच, वजन तेच, दाबणं तेच.

पहिल्या शॉटपुरतं दळण बारीक करू का? की तापमान ९५ वर नेऊन ठेवू? आणि पडद्यावर ९३ दिसत असेल तर पाणी ९३ चं नसतं का?

कॉफीवेडा

मंजिरीताई, मशीनला दोष देण्याआधी ग्राइंडर बघा. दात्यांच्या आणि नळीच्या मधे दोन-तीन ग्रॅम पूड अडकून राहते. सकाळच्या पहिल्या डोसात ती कालची शिळी पूड मिसळते. मी रोज पहिले दोन-तीन ग्रॅम दळून टाकून देतो, मगच डोस घेतो. तेवढं करा आणि दळण जरा बारीक करा, आंबटपणा जाईल.

पितळी

कॉफीवेडा म्हणतात ती शिळी पूड खरी आहे, ती टाकून द्यावीच. पण शिळ्या पुडीने चव बोथट होते, वास मरतो. असा टोचणारा आंबटपणा त्यातून येत नाही. शिवाय ती पूड पहिल्या डोसाबरोबर निघून जाते. मग दुसराच शॉट चांगला यायला हवा होता. मंजिरीताईंचा शॉट चौथ्या कपापर्यंत पायरी-पायरीने सुधारतोय, म्हणजे काहीतरी सावकाश तापतंय. ते म्हणजे ग्रुप.

मी ही मशीनं दुरुस्त करतो, त्यामुळे ई६१ उघडून हातात घेण्याची वेळ सारखी येते. समोर जो चकचकीत गोळा दिसतो तो सगळा मिळून साधारण चार किलो पितळ आहे. त्यात स्वतःची कॉइल नाही (काही नव्या मशीनांत असते, तुमच्यात बहुधा नसावी). त्याला उष्णता मिळते ती बॉयलरमधून येणाऱ्या दोन बारीक नळ्यांमधून. गरम पाणी वरच्या नळीने ग्रुपमध्ये येतं, तिथे उष्णता देऊन थंड होतं, जड होतं आणि खालच्या नळीने परत जातं. पंप नाही, काही नाही, आपोआप चाललेलं अभिसरण. १९६१ साली फाएमाने हा ग्रुप आणला तेव्हापासून रचना मूळ हीच आहे.

आता हिशेब बघा. चार किलो पितळ २५ अंशांवरून ९० वर न्यायला साधारण १०० किलोज्यूल लागतात. ही काही मोठी उष्णता नाही. १४०० वॅटची कॉइल थेट पितळात बसवली असती तर सव्वा मिनिटात काम झालं असतं. पण उष्णता त्या दोन नळ्यांतून, पाण्याच्या मंद फिरण्यातून येते, आणि येते तशी ग्रुपच्या उघड्या अंगावरून खोलीत निघूनही जाते. बॉयलर सात मिनिटांत तयार, ग्रुपला मात्र त्यापुढे आणखी वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ती यामुळे. कॉइल जास्त ताकदीची असली तरी हा दुसरा भाग फारसा घटत नाही.

पडद्यावरच्या ९३ बद्दल. सेन्सर बॉयलरवर असतो, ग्रुपवर नाही. बॉयलरमधलं पाणी प्रत्यक्षात त्याहून गरम असतं, शंभरच्या वरही असू शकतं. पाणी ग्रुपमधून जाताना काही अंश गमावणार हे धरून तेवढे अंश वजा करून आकडा दाखवला जातो. ही वजाबाकी मशीन पूर्ण तापलेलं आहे असं मानून ठरवलेली असते. ग्रुप ६० अंशांवर असताना पाणी त्याच्या कितीतरी पट जास्त गमावतं, पण पडद्याला ते कळायला मार्ग नाही. तो ९३ च म्हणत राहतो.

९५ करू नका. पहिला शॉट थोडा सुधारेल आणि चौथा करपट होईल. दळणाचंही तेच. थंड ग्रुपसाठी बारीक केलंत तर ग्रुप तापल्यावर तेच दळण कडवट शॉट देईल.

झटपट

माझं मशीन तीन सेकंदांत तयार होतं. कंपनीच तसं सांगते आणि खरोखर दिवा लागतो. अर्धा तास वगैरे जुन्या तंत्राच्या गोष्टी झाल्या. ताई, पुढच्या वेळी थर्मोब्लॉकवालं घ्या.

पितळी

झटपट, तुमच्या मशीनचं ते म्हणणं त्या ब्लॉकपुरतं खरं आहे. आत अरुंद वाट, तिच्यात जेमतेम घोटभर पाणी, ते खरोखर काही सेकंदांत तापतं. पण ते पाणी पुढे ज्या पोर्टाफिल्टरमध्ये आणि बास्केटमध्ये पडतं ते खोलीच्या तापमानाचे असतात. पहिला शॉट काढण्याआधी रिकामी बास्केट लावून एक कपभर पाणी सोडून बघा, मग बास्केट पुसून लगेच कॉफी भरा. हलक्या भाजणीच्या बिया असतील तर फरक जिभेला कळेल.

झटपट

रिकामं पाणी सोडायचं माहितीपुस्तिकेतही लिहिलंय, मला वाटायचं ते धुण्यासाठी आहे. उद्या बघतो. पण तरी अर्धा तास नाहीच लागत ना!

पितळी

नाही लागत. तुमच्याकडे चार किलोचा ग्रुपच नाही.

सुधीर काका

माझा अनुभव अगदी उलट. माझा पहिला शॉट आंबट नाही, जळका येतो. मशीन तासभर आधीच चालू करून ठेवतो, म्हणजे तापण्यात कसूर नाही. तुम्ही म्हणता जास्त वेळ द्या, मी म्हणतो कमी द्या. आणि माझा दाबाचा काटा तर सात मिनिटांत एक बारवर जातो, पण तेव्हा वाफ सोडली तर दोन सेकंदांत दम संपतो. हे काय आहे?

पितळी

काका, तुमचं मशीन एक बॉयलर आणि त्यातून जाणारी हीट एक्सचेंजरची नळी असं दिसतंय. त्याची गोष्ट वेगळी. बॉयलर वाफेसाठी १२० अंशांच्या आसपास असतो आणि कॉफीचं पाणी त्याच्या पोटातल्या नळीत पडून राहतं. मशीन बराच वेळ नुसतं बसलं की ते पाणी आणि ग्रुप दोन्ही गरजेपेक्षा जास्त तापतात. शॉटच्या आधी पाणी सोडा. सुरुवातीला ते फुसफुसत, वाफ टाकत येईल. तो आवाज थांबून धार शांत झाली की आणखी थोडं जाऊ द्या आणि मग पोर्टाफिल्टर लावा. म्हणजे तुम्हीही पूर्ण तापायची वाट बघायची, फक्त त्यानंतर थोडं निववायचं.

काट्याचं कारण वेगळं. थंड बॉयलरमध्ये पाण्याच्या वर हवा असते. ती तापून फुगते आणि काटा चढतो, पण तो दाब वाफेचा नसतो. वर एक छोटी झडप असते, ती तापताना ही हवा बाहेर सोडते आणि वाफ आली की बंद होते. तुमची झडप बहुधा क्षाराने चिकटली आहे. तोवर काटा चढायला लागला की वाफेची नळी उघडून हवा जाऊ द्या. नुसती सूं न होता दमदार पांढरी वाफ आली की बंद करा. काटा खाली येईल आणि पुन्हा चढेल. तो दुसऱ्यांदा चढलेला दाब खरा.

सुधीर काका

नळी उघडून पाहतो. झडप बदलायची असेल तर ते घरी जमण्यासारखं आहे का?

पितळी

मशीन पूर्ण थंड, प्लग काढलेला, आणि योग्य मापाचा पाना असेल तर जमतं. फोटो टाका, मग सांगतो.

कॉफीवेडा

परत मूळ प्रश्नावर. माझ्या मते ग्रुपपेक्षा पोर्टाफिल्टर महत्त्वाचा. अर्धा किलोच्या वर धातू, आणि कॉफी त्यातच बसते. मी पोर्टाफिल्टर उकळत्या पाण्याखाली धरतो आणि दहा मिनिटांत शॉट काढतो. माझं काही बिघडत नाही.

पितळी

बास्केट कॉफीला चिकटून असते, म्हणून ती गरम हवीच. पण पोर्टाफिल्टरचं बाकीचं पितळ, म्हणजे खालचा भाग आणि तोट्या, कॉफी काढून झाल्यावर तिला भेटतं. ते थंड असेल तर कपातली कॉफी निवते. पुडीतून काय सुटलं, काय राहिलं यात त्याचा वाटा कमी. ग्रुप मात्र पाण्याच्या वाटेत पुडीच्या आधी आहे. सगळं नुकसान तिथे होतं.

ते होतं कसं तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या सेकंदांतलं पाणी थंड पितळातून येतं, त्यामुळे सगळ्यात जास्त उष्णता तेच गमावतं. मागून येणारं पाणी जरा गरम, शेवटचं त्याहून गरम. आंबट पदार्थ पुडीतून चटकन सुटतात, त्यांना कमी तापमानही पुरतं. गोडवा, भरदारपणा आणि त्यांना तोलणारा कडवटपणा सुटायला उष्णता लागते, आणि ती पोहोचेपर्यंत शॉट संपत आलेला असतो. म्हणून ताईंना आंबट लागतं आणि 'मागे काहीच नाही' असं वाटतं. तुमच्या बिया गडद भाजलेल्या आहेत का? त्यातून हे सगळं बरंच सहज सुटतं, म्हणून थंडपणा झाकला जातो.

कॉफीवेडा

हो, गडदच आहेत. पण मग उघड्या तळाच्या पोर्टाफिल्टरने फरक का पडतो? मला तर स्पष्ट जाणवतो.

पितळी

कपात कॉफी जास्त गरम पडते, त्यामुळे चव वेगळी लागते, असं मला वाटतं. पण यावर आमच्या दुकानातही एकमत नाही.

मंजिरी

पितळीदादा, सगळं दोनदा वाचलं. वजाबाकीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. हे मोजून बघता येईल का? स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर आहे माझ्याकडे, लवकर दाखवतो.

पितळी

येईल. पोर्टाफिल्टर काढून ग्रुपखाली थर्माकोलचा पेला धरा, टोक पेल्याच्या तळाशी ठेवा, ५० मिली पाणी सोडा आणि सर्वात वरचा आकडा लिहा. पडताना पाणी निवतं, म्हणून हा आकडा पुडीवरच्या खऱ्या तापमानापेक्षा थोडा कमीच येईल. त्याला महत्त्व नाही. किती मिनिटांनी तो वाढायचा थांबतो ते बघायचं.

एक काळजी घ्या. एका सकाळी एकदाच मोजा. पाणी सोडलं की त्या पाण्यानेच ग्रुप तापतो, आणि दर दहा मिनिटांनी सोडत बसलात तर मशीन आहे त्यापेक्षा लवकर तापलेलं दिसेल. एक दिवस दहाव्या मिनिटाला, दुसऱ्या दिवशी विसाव्या, असं.

अनघा

मी सगळी कॉफी दुधातच पिते. १५ मिनिटांनी शॉट काढते, मला काही आंबट लागत नाही. त्यात अर्धा-पाऊण तास मशीन तापवत ठेवायचं म्हणजे वीज किती जाते? नुसतं वाट बघण्यासाठी?

पितळी

अनघाताई, गडद भाजणी आणि वर दूध, तर १५ मिनिटं तुम्हाला पुरत असतील. चव तुमची, निकाल तुमचा.

विजेचं म्हणाल तर मोठा भाग पहिल्या काही मिनिटांत पाणी तापवण्यातच जातो, आणि तो घाई केली तरी लागतोच. पुढे कॉइल अधूनमधून लागते, गळून जाणारी उष्णता भरून काढण्यापुरती. वाफेचा बॉयलर बंद ठेवायची सोय असेल आणि दूध नको असेल, तर तो बंद ठेवा. तिथे खरी बचत होते.

मंजिरी

आकडे आणलेत. पडद्यावर प्रत्येक वेळी ९३ च होतं हे आधी सांगते.

१० मिनिटं: ७८
२० मिनिटं: ८५
३० मिनिटं: ८९
४० मिनिटं: ९०.५
५० मिनिटं: ९०.५

म्हणजे मी रोज पहिला शॉट काढत होते तेव्हा पाणी पूर्ण तापलेल्यापेक्षा बारा-साडेबारा अंश थंड होतं! चाळिसाव्या मिनिटाला काढलेला पहिलाच शॉट चौथ्यासारखा आला. तेच दळण, तेच १८ ग्रॅम. गोडवा होता, आंबटपणा होता पण फळाचा, आणि घोट गिळल्यावरही चव तोंडात राहिली. तिसाव्या मिनिटाचा थोडा उणा, पण मुद्दाम शोधला तरच कळावा इतका.

पण सकाळी ४० मिनिटं रोज नाही निघणार. पाणी सोडून लवकर तापवता येईल का?

पितळी

सुरेख मोजलंत. तिसाव्या मिनिटाचा दीड अंश तुमच्या जिभेला कळला हे वाचून आनंद झाला.

पाणी सोडून नक्की मदत होते, पण त्याची मर्यादा समजून घ्या. पोर्टाफिल्टर अगदी सुरुवातीपासून रिकामा लावून ठेवा. पंधराव्या मिनिटाला त्यातून ५०-६० मिली पाणी सोडा, मिनिटभर थांबा, पुन्हा सोडा, असं तीनदा. मधली थांबणी गाळू नका. बॉयलरमध्ये तितकंच थंड पाणी येतं आणि त्याला सावरायला वेळ लागतो. शेवटच्या पाण्यानंतर बॉयलर सावरायला मिनिटभर द्या आणि लगेच शॉट काढा.

लगेच म्हणतो कारण या पाण्याने ग्रुपची आतली वाट तापते, बाहेरचं जाड पितळ नाही. तुम्ही चार-पाच मिनिटं रमलात की तो बाहेरचा थंड भाग आतली उष्णता ओढून घेतो. म्हणून पूड आधीच दळून, वजन करून तयार ठेवा. एरवी मी असं सांगणार नाही, पण दोन मिनिटांनी पुडीचं फार बिघडत नाही, ग्रुपचं बिघडतं.

मंजिरी

केलं. पंधराव्या मिनिटाला तीनदा पाणी सोडून मिनिटाने मोजलं तर ८८. दुसऱ्या सकाळी तसंच करून मुद्दाम पाच मिनिटं थांबून मोजलं तर ८४.५. अगदी तुम्ही म्हणालात तसं. ८८ वाला शॉट मला चालतो. सुट्टीच्या दिवशी ४० मिनिटं, कामाच्या दिवशी हे.

निरंजन

टायमरचा प्लग लावा ना. उठायच्या आधी मशीन आपोआप सुरू. मी तेच करतो.

पितळी

चांगला उपाय आहे, पण आधी तीन गोष्टी तपासा. मशीनचं बटण खटका पडून त्याच जागी राहणारं हवं. हलकं दाबून सोडायचं इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर नुसती वीज आल्याने मशीन सुरू होणार नाही. प्लग त्या कॉइलचा भार सोसणारा हवा, दिव्यासाठीचे हलके प्लग वितळलेले पाहिले आहेत. आणि रात्री झोपण्यापूर्वी टाकी भरलेली हवी. टाकीत पाणी नसेल तर कॉइल थांबवण्याची सोय बऱ्याच मशीनांत असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

कॉफीवेडा

एक राहिलं. थंड मशीनवर माझा शॉट भरभर वाहतो, २२-२३ सेकंदांत. म्हणजे दळण बारीक करायला मी सांगितलं ते अगदीच चूक नव्हतं.

मंजिरी

माझा तर वेळ बदलत नाही, २८ च्या आसपासच राहतो. म्हणून तर मी गोंधळले होते, घड्याळ बघून काहीच कळत नव्हतं.

पितळी

पाणी थंड असेल तर ते किंचित जास्त दाट असतं. ८० आणि ९३ अंशांमध्ये सुमारे १५ टक्क्यांचा फरक पडतो. त्या हिशेबाने शॉट हळू व्हायला हवा. पण प्रत्यक्षात काही मशीनांवर मी तो भरभर वाहतानाही पाहिलाय. पुडीचं फुगणं, तिच्यातून सुटणारा वायू, सकाळचा थंड ग्राइंडर, यांतलं काहीही असू शकेल. कॉफीवेडा, तुम्ही मशीन ४० मिनिटं तापवून, पण ग्राइंडर थंडच ठेवून एक शॉट काढा. तोही २२ सेकंदांत आला तर कारण मशीनमध्ये नाही.

कॉफीवेडा

हे करतो. रविवारी सांगतो.

सुधीर काका

झडपेचा फोटो टाकतोय. पांढरा थर दिसतोय तोच क्षार का? नळी उघडून हवा काढली तर वाफ मात्र लगेच दमदार आली.

पितळी

हो काका, तोच. आतली छोटी गोल रबरी कडी पण कडक झालेली दिसते. झडप साफ करण्यापेक्षा नवीच बसवा.